बरणी टेबलावर टेकते कशी?

वस्तूचा फोटो कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला की ती हवेत तरंगल्यासारखी का दिसते? मोबाइलवर घरच्या मालाचे फोटो सजवणारे बहुतेक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. कापणी स्वच्छ असते, आकार प्रमाणात असतो, रंग जुळलेले असतात, आणि तरीही काहीतरी चुकलेलं असतं.

माझ्या ओळखीच्या एक बाई घरी लोणची करून विकतात. पांढऱ्या-तपकिरी चिनीमातीच्या बरणीचा फोटो त्यांनी पांढऱ्या कागदावर काढला होता. तो मी कापून एका सागवानी टेबलाच्या फोटोवर ठेवला आणि त्यांना पाठवला. उत्तर आलं, "दादा, बरणी टेबलावर आहे, पण टेकलेली नाही." दोष याहून नेमका सांगता येणार नाही. या प्रकरणात तीच बरणी टेबलावर टेकवायची आहे.

१. उंची सावलीवरून कळते

जेवणाच्या टेबलावर खिडकीच्या उजेडात एक वाटी ठेवा. आता ती बोटभर वर उचला. वाटीचा आकार बदलला नाही, रंग बदलला नाही, पण बुडाशी चिकटलेली काळी कड सुटली आणि सावली पसरून फिकट झाली. वाटी किती वर आहे हे आपल्याला वाटीवरून कमी आणि वाटी-सावलीतल्या अंतरावरून जास्त कळतं.

डॅनियल कर्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे फार सुंदर दिसतं. पडद्यावर एका खोक्यात एक चेंडू तिरक्या रेषेत सरकतो. अशा दोन चित्रफिती आहेत. दोन्हींत चेंडूची वाट अगदी तीच असते, फक्त सावलीची वाट वेगळी. सावली चेंडूला चिकटून चालली की चेंडू तळावरून मागे सरकताना दिसतो. सावली खालून आडवी गेली की तोच चेंडू हवेत वर चढताना दिसतो. चेंडूला काहीही न करता नुसत्या सावलीने त्याला उचलता येतं.

वस्तू जिथे टेकते तिथल्या अरुंद, गडद सावलीला छायाचित्रांचं काम करणारे ‘कॉन्टॅक्ट शॅडो’ म्हणतात. मी तिला टेकणीची सावली म्हणतो. ती गडद का असते हे पलंगाखाली वाकून पाहिलं की कळतं. पलंगाच्या कडेपाशी जमिनीवर बऱ्यापैकी उजेड असतो, कारण तिथून खिडकी, छत, समोरची भिंत असं बरंच काही ‘दिसतं’. आत आत जावं तसं ते दिसणं कमी होतं आणि भिंतीच्या कोपऱ्यात जवळजवळ अंधार असतो. बरणीच्या बुडाशीही हेच घडतं, फक्त काही मिलिमीटरांत. बरणीची खालची कड किंचित गोलसर असते. त्या कडेच्या आणि टेबलाच्या मधल्या फटीला खोलीतला उजेड जवळजवळ दिसतच नाही.

२. सावलीची कड किती पातळ असावी?

शाळेत ग्रहण शिकताना प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द आले होते. उजेड पूर्ण अडला ती प्रच्छाया, आणि अर्धवट अडला तो कडेचा विरत जाणारा पट्टा म्हणजे उपच्छाया. चित्रातली सावली खरी वाटावी असं वाटत असेल तर या पट्ट्याची रुंदी बरोबर हवी.

हिशोब सोपा आहे. प्रकाशाच्या उगमाची रुंदी त्याच्या अंतराच्या जितकी पट, तितक्याच पटीने हा पट्टा वस्तूच्या कडेपासून सावलीपर्यंतच्या अंतराच्या प्रमाणात रुंद होतो. माझ्या टेबलाच्या फोटोत डावीकडे एक मीटर रुंदीची खिडकी साधारण दोन मीटरवर होती, म्हणजे प्रमाण निम्मं. बरणीची बुडाची कड टेबलापासून २ मिलिमीटर वर असेल, तर तिच्या सावलीचा विरणारा पट्टा साधारण १ मिलिमीटरचा. बरणीच्या खांद्यापासून टेबलापर्यंत तिरप्या उजेडाला २० सेंटिमीटर जावं लागत असेल, तर तिथल्या सावलीचा पट्टा १० सेंटिमीटरचा. म्हणजे खांद्याची सावली जवळजवळ विरघळूनच गेली.

एकाच बरणीच्या सावलीत, बुडापाशी केसासारखी धार आणि वीतभर पुढे नुसता धूसरपणा. नवशिक्याची सावली खोटी दिसते ती बहुधा इथेच: त्याने सगळ्या सावलीला एकच धूसरपणा दिलेला असतो.

थेट उन्हात गणित बदलतं. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे पट्टा अंतराच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढाच होतो. म्हणून उन्हातल्या फोटोवर मऊ सावली रंगवली की ती चिकटवल्यासारखी दिसते. पार्श्वभूमीचा फोटो कोणत्या उजेडातला आहे हे आधी पाहायचं, ब्रश नंतर हातात घ्यायचा.

३. तयार सावली इथे का चालत नाही

बहुतेक प्रोग्रॅममध्ये Drop Shadow नावाची सोय असते. ती वस्तूच्या बाह्याकाराची नक्कल करते, थोडी सरकवते आणि धूसर करते. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाची सावली अशीच पडते, कारण तिथे सावली झेलणारा पृष्ठभाग चित्राला समांतर, उभा असतो. आपलं टेबल आडवं आहे. उभ्या भिंतीसाठीची सावली त्याच्यावर टाकली की बरणी टेबलावर उभी न राहता टेबलाच्या चित्रावर डकवल्यासारखी होते. म्हणून सावली आडव्या पृष्ठभागावर, हाताने घालावी लागते.

४. आधी बूड शोधायचं

बरणीचं बूड गोल आहे, पण कॅमेऱ्याला ते लंबगोल दिसतं. सावलीही त्याच लंबगोलात बसली पाहिजे, त्यामुळे तो आधी मोजून घ्यायचा.

माझ्या चित्रात बरणी ११०० पिक्सेल उंच होती. खरी बरणी २० सेंटिमीटरची, म्हणजे एका सेंटिमीटरला ५५ पिक्सेल. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण वरचे मिलिमीटर त्यानेच पिक्सेलमध्ये बदलतात. बूड ६०० पिक्सेल रुंद होतं. बुडाची पुढची कमान तिच्या डाव्या-उजव्या टोकांपासून मधल्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत ९५ पिक्सेल खाली उतरत होती. म्हणजे पूर्ण लंबगोलाची उंची १९०, आणि उंची-रुंदीचं प्रमाण सुमारे ०.३२.

बरणीच्या तोंडाचा लंबगोल मोजून तेच प्रमाण बुडाला लावायचा मोह होतो. ते चुकतं. याच बरणीचं तोंड ४४० रुंद आणि फक्त ८८ उंच होतं, प्रमाण ०.२. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला खालचं वर्तुळ नेहमी जास्त उघडं दिसतं. तोंडाच्या प्रमाणात सावली घातली असती तर ती चपटी होऊन कडेने आत गेली असती.

आणखी एक गोष्ट इथेच तपासायची. टेबलाचा फोटोही साधारण त्याच कोनातून काढलेला असला पाहिजे. टेबल पार वरून टिपलेलं आणि बरणी समोरून, असं असेल तर कोणतीही सावली त्यांचं जुळवून देऊ शकत नाही. अशा वेळी पार्श्वभूमी बदलणं हाच उपाय.

५. तीन थर, तीन कामं

टेबल सर्वांत खाली, बरणी सर्वांत वर, आणि मध्ये सावलीचे तीन स्वतंत्र लेअर. तिन्हींचा मिश्रणाचा प्रकार Multiply. तीन वेगळे ठेवायचे कारण त्यांचा धूसरपणा वेगळा, गडदपणा वेगळा आणि कधीकधी रंगही वेगळा असतो.

सर्वांत वरचा थर टेकणीचा. बुडाएवढाच, ६०० बाय १९०चा लंबगोल काढून तो जवळजवळ काळ्या तपकिरीने भरला. मग Gaussian Blur दीड-दोन पिक्सेल. हा आकडा दुसऱ्या भागातल्या हिशोबातूनच आला: १ मिलिमीटरचा पट्टा म्हणजे साडेपाच पिक्सेल, आणि ब्लरची त्रिज्या दिसणाऱ्या पट्ट्याच्या साधारण पाव धरली तर डोळ्याला बरोबर वाटते. हा लंबगोल दोन-तीन पिक्सेल खाली सरकवला. बरणी वर असल्यामुळे त्याचा बहुतेक भाग झाकला गेला आणि बुडाखालून नखाच्या कोरीएवढी गडद रेघ तेवढी डोकावू लागली. Opacity ८० टक्के.

ती रेघ सगळीकडे सारखी ठेवायची नाही. खिडकी डावीकडे आहे, त्यामुळे डावीकडच्या फटीत थोडा उजेड शिरतो. लेअरला मास्क लावून, मऊ ब्रशने डावी बाजू हळूहळू निम्म्यावर आणली, उजवी तशीच ठेवली. सारख्या जाडीची रेघ सावली वाटत नाही, पेनाने आखलेली वाटते.

मधला थर म्हणजे पलंगाखालच्या अंधारासारखा, बुडाभोवती अंगठ्याच्या रुंदीएवढा पसरणारा काळोख. इथे एक युक्ती आहे आणि ती मला बरेच दिवस माहीत नव्हती. हा थर आधी पूर्ण गोल काढायचा, जणू आपण टेबलाकडे बरोब्बर वरून पाहतोय. ७२० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ, त्याला २५ पिक्सेलचा ब्लर. त्यानंतर Free Transform घेऊन त्याची उंची ३२ टक्क्यांवर आणायची. क्रम उलटा केला, म्हणजे आधी चपटं करून मग ब्लर दिला, तर धूसरपणा वर-खाली आणि आडवा सारखाच पसरतो. खरी सावली मात्र आडव्या टेबलावर पसरलेली असते. कॅमेऱ्याला टेबल चपटं दिसतं, तर त्याच्यावरचा धूसरपणाही चपटाच दिसायला हवा. आधी ब्लर आणि मग दाबणं, या क्रमाने तो आपोआप चपटा होतो. उलट क्रमाने केलेली सावली बरणीच्या पुढे धुरासारखी खाली ओघळते. मग हा थर २५ पिक्सेल उजवीकडे सरकवला, Opacity ५० टक्के.

तिसरा थर पडछायेचा, खिडकीच्या उलट बाजूला लांब जाणारा. याच्यासाठी मी ठरावीक आकार काढत नाही. सुमारे ३०० पिक्सेलचा ब्रश घ्यायचा, त्याचा Hardness शून्य आणि Flow ५ टक्के ठेवायचा, आणि बुडापासून उजवीकडे अनेक हलके हात फिरवायचे. प्रत्येक पुढच्या हाताला ब्रश थोडा मोठा करायचा. बुडाजवळ हात जास्त पडतात, लांब कमी, त्यामुळे सावली आपोआप विरत जाते. हाही थर शेवटी थोडा चपटा केला आणि ३० टक्क्यांवर ठेवला. मऊ उजेडात याला फार जीव नसतो. तो जेमतेम जाणवला तरी पुरे.

६. सावलीचा रंग मोजून घ्या

सावली काळी, असं आपण लहानपणापासून रंगवत आलो. जरा शहाणे झालो की टेबल तपकिरी म्हणून सावली गडद तपकिरी करतो. Multiply वापरताना हेही बरोबर नाही, आणि का नाही हे आकड्यांनी पटकन कळतं.

Multiply म्हणजे गुणाकार. खालचा रंग गुणिले सावलीचा रंग, भागिले २५५. टेबलाचा तपकिरीपणा खालच्या रंगात आधीच आहे. सावलीने फक्त एवढंच सांगायचं की लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येक उजेड किती शिल्लक राहिला.

सुदैवाने माझ्या टेबलाच्या फोटोत मागे एक वाटी होती आणि तिची खरी सावली लाकडावर पडली होती. आयड्रॉपर 5 by 5 Average वर ठेवला, म्हणजे लाकडाच्या एखाद्या रेषेवर नेम बसत नाही. उजेडातलं लाकूड होतं लाल १९०, हिरवा १४०, निळा ९०. सावलीतलं लाकूड ७६, ६०, ४५. आता भागाकार करा. लाल ०.४ उरला, हिरवा सुमारे ०.४३, निळा ०.५. प्रत्येकाला २५५ ने गुणलं की १०२, १०९, १२८ मिळतात. हा रंग नुसता पाहिला तर पाटीसारखा निळसर करडा. मी आधी वापरलेला गडद तपकिरी याच्या जवळपासही नव्हता.

निळसर कशामुळे? त्या खोलीत उजवीकडची भिंत निळी होती. खिडकीचा उजेड जिथे अडला, तिथे निळ्या भिंतीवरून परतलेला उजेड तेवढा पोचत होता. हा रंग मधल्या आणि लांबच्या थरात भरल्यावर बरणी त्या खोलीतली झाली.

हा रंग भरायचा झाला तर त्या दोन थरांच्या Opacity चा हिशोबही पाहावा लागतो. १०२-१०९-१२८ हा पूर्ण सावलीचा रंग आहे. ५० टक्क्यांवर तो निम्माच काम करतो. बरणीजवळ दोन थर एकमेकांवर येतात म्हणून तिथे गडदपणा वाढतो, पण पुरता भरून निघत नाही. म्हणून शेवटी आयड्रॉपर बरणीच्या उजवीकडे टेबलावर ठेवून पाहावा. मागच्या वाटीच्या सावलीत जितका आकडा होता, त्याच्या आसपास इथे येईपर्यंत Opacity वाढवावी.

टेकणीच्या थराला मात्र हे लागू नाही. त्या फटीत भिंतीचाही उजेड पोचत नाही, उरतो तो लाकडावरून आत उसळलेला थोडासा. म्हणून तो थर गडद आणि किंचित उबदार. मी ४०, २८, २० घेतला.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. शुद्ध काळा रंग वापरला तर Normal आणि Multiply यांत काहीच फरक पडत नाही, दोन्ही सारखंच काळं करतात. फरक पडतो तो रंगीत सावलीला. निळसर करडा Normal मध्ये लावला तर लाकडाच्या गडद रेषांवर तो धुक्यासारखा बसतो आणि त्या उलट उजळतात. सावलीतही लाकडाची रेष न् रेष दिसली पाहिजे. ती पुसट झाली असेल तर मिश्रणाचा प्रकार तपासा.

७. बरणीच्या अंगावरची चूक

एवढं करूनही बरणी पुरती टेकली नव्हती. बुडाच्या वर, बरणीच्या स्वतःच्या अंगावर, एक उजळ पट्टी होती. मूळ फोटो पांढऱ्या कागदावर काढलेला. कागदाने खालून उजेड परतवला होता आणि चकचकीत चिनीमातीने तो टिपून ठेवला होता. बरणी आता सागवानी लाकडावर होती, पण तिच्या बुडाला अजून कागदाची आठवण होती.

यासाठी बरणीच्या लेअरवर एक नवा लेअर घ्यायचा, Create Clipping Mask करायचा, म्हणजे रंग बरणीच्या बाहेर जात नाही. प्रकार Multiply. टेबलाच्या उजेडातल्या लाकडाचा रंग उचलून मोठ्या मऊ ब्रशने खालच्या ६०-७० पिक्सेलवर हलका हात फिरवला. पांढऱ्या चिनीमातीवर लाकडाची ऊब उतरली. मग अगदी खालच्या १०-१५ पिक्सेलवर गडद तपकिरीचा आणखी एक हात. टेकणीचा अंधार टेबलावर असतो तसा वस्तूच्या अंगावरही थोडा चढतो. माझ्या अनुभवात तरंगणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्या इथे अडकलेल्या असतात. लोक खालची सावली गडद करत राहतात आणि दोष वस्तूच्या अंगावर असतो.

कापताना राहिलेली पांढरी कडही इथेच नडते. एका पिक्सेलची पांढरी रेघ बूड आणि सावलीच्या मध्ये राहिली की बरणी कागदाएवढी वर उचलली जाते. चित्र २०० टक्के मोठं करून बुडाची कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घ्यावी आणि ती रेघ मास्कने आत ढकलावी.

८. झालं की नाही, कसं ओळखायचं

तासभर एकाच चित्राकडे पाहिल्यावर डोळा सगळं मान्य करू लागतो. म्हणून मी दोन गोष्टी करतो. चित्र बोटाच्या पेराएवढं लहान करून पाहतो. या आकारात बारकावे जातात आणि फक्त ‘टेकली की तरंगते’ एवढंच उरतं. आणि वर तात्पुरता Levels चा लेअर टाकून गडद भाग भरपूर उजळतो. एरवी लपलेल्या ब्रशच्या कडा, अर्धवट पुसलेले डाग, सावलीचं अचानक संपणं, सगळं उघडं पडतं. तपासून झालं की तो लेअर काढून टाकायचा.

या उजळलेल्या चित्रात सावलीवर पायऱ्या दिसल्या, तर तो रंगांच्या मर्यादित पातळ्यांचा परिणाम असतो. फार लांब, फार हलका उतार तितक्या थोड्या पातळ्यांत बसत नाही. सावलीच्या थरावर अर्धा-एक टक्का Add Noise दिला की पायऱ्या मोडतात. शिवाय फोटोत मुळातच असलेल्या कणांशी सावली जुळते, ब्लरमुळे ती नाहीतर प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत राहते.

शेवटची खातरजमा टेकणीचा एकच थर बंद-चालू करून. बंद केला की माझी बरणी पेन्सिलीच्या जाडीएवढी वर यायची, चालू केला की खाली बसायची. तसं होत नसेल तर तो थर फिका आहे. आणि चालू केल्यावर सावलीच आधी नजरेत भरत असेल तर तो जास्त झाला आहे.

९. काचेची बाटली

बरणीचा नवा फोटो पाठवल्यावर बाईंनी कोकम सरबताची काचेची बाटली पाठवली, तीही पांढऱ्या कागदावर टिपलेली. तिथे ही पद्धत अपुरी पडली. चिनीमाती उजेड अडवते. काच आणि सरबत उजेड आत घेऊन वाकवतात आणि पलीकडे टाकतात. त्यामुळे बाटलीच्या सावलीच्या मध्यावर लाल उजेडाचा एक ठिपका पडतो, त्याला चमकदार कडा असतात, आणि बाटलीच्या आतून मागचं टेबल उलटंपालटं दिसतं. टेकणीची गडद रेघ काचेलाही असते, जाड बुडाखाली तर चांगलीच ठळक. पण पुढचा तो लाल ठिपका ब्रशने पटेल असा काढणं मला जमलेलं नाही. मी बाईंना सांगितलं, बाटली थेट लाकडावरच ठेवा, खिडकी डावीकडे येऊ द्या, आणि सावलीसकट फोटो काढा. त्यांनी देवघरातला पाट घेतला, दुपारी चारच्या सुमारास खिडकीशी ठेवला, आणि पाठवलेल्या फोटोत बाटलीच्या उजवीकडे पाटावर कोकमाच्या रंगाचा उजेड सांडला होता. त्या फोटोला मी हात लावला नाही.